दुधाचं केफिर : दाणे, दूध आणि वेळ यांचा हिशोब

मागच्या वेळी आपण विरजणाबद्दल बोललो होतो. आज त्याच वाटेवर थोडं पुढे जायचं आहे. विषय आहे दुधाचं केफिर. ते काय असतं याची तोंडओळख आपण करून घेऊच, पण आजचा बहुतेक वेळ एका प्रश्नाला द्यायचा आहे. किती दाण्यांना किती दूध, आणि किती तास? केफिर बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. हा हिशोब एकदा समजला की दुसऱ्या आंबवणीचा, म्हणजे चव आणि फेस आणण्याचा भाग फारसा अवघड राहत नाही.

दाणा म्हणजे काय

केफिर मूळचं कॉकेशस पर्वतातल्या लोकांचं. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामधला हा डोंगराळ प्रदेश. तिथे कातडी पखालीत दूध भरून त्यात हे दाणे टाकत. पखाल दाराजवळ टांगलेली असे आणि येणाजाणाऱ्याने तिला एक धक्का द्यायचा अशी रीत होती, असं सांगतात. त्या धक्क्याचं कारण पुढे येईल.

'दाणे' या शब्दाने गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो. हे धान्य नव्हे, बी नव्हे. हातात घेतलं तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दिसणारा, पांढरा किंवा किंचित पिवळसर, रबरासारखा लवचीक गोळा असतो. आकार अगदी तांदळापासून अक्रोडापर्यंत. हे सगळं जिवाणू आणि यीस्ट यांचं एकत्र राहणारं कुटुंब आहे, आणि त्यांनी स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात ते राहतं. त्या पदार्थाला केफिरान म्हणतात. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन शर्करांच्या लांब साखळ्यांनी तो बनतो.

आता दह्याशी तुलना करू, म्हणजे फरक स्पष्ट होईल. दह्याचं विरजण दुधात मिसळून जातं. उद्याचं विरजण म्हणजे आजच्या दह्यातलाच एक चमचा. केफिरमध्ये तसं नाही. दाणे दुधात टाकायचे, दूध आंबलं की गाळून बाहेर काढायचे, आणि लगेच नव्या दुधात टाकायचे. तेच दाणे वर्षानुवर्षे चालतात, आणि वाढतात. दुसरा फरक असा, की दह्यात काम मुख्यतः जिवाणूंचं असतं. इथे जिवाणूंबरोबर यीस्टही आहे. जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल करतात. यीस्ट थोडा कार्बन डायऑक्साइड आणि अगदी थोडं अल्कोहोल तयार करतं. म्हणून केफिर दह्यासारखं आंबट असलं तरी जिभेवर किंचित चुरचुरतं आणि त्याला पावाच्या पिठासारखा हलका वास असतो.

दूध कुठलं आणि तयारी काय

दुधाबद्दल फार ताणायचं कारण नाही. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, पिशवीतलं टोन्ड, टेट्रापॅकमधलं, सगळं चालतं. सोया किंवा बदामाच्या 'दुधात' मात्र लॅक्टोज नसतं. त्यात एखाद-दुसरा घाणा निघतो, पण दाणे वाढत नाहीत आणि हळूहळू दुबळे होतात.

आपल्याकडे दूध तापवायची सवय आहे, ती इथे सोडू नका. सुट्या कच्च्या दुधात स्वतःचे जिवाणू असतात. काही रोगकारकही असू शकतात. दूध उकळायचं, झाकून पूर्ण निवू द्यायचं आणि साय काढायची. साय काढायची ती तब्येतीसाठी नव्हे. जाड साय दाण्यांना चिकटून बसते आणि गाळताना साय कुठली आणि दाणा कुठला हे कळत नाही. म्हशीच्या दुधात हे जास्त होतं.

दही लावताना आपण दूध कोमट ठेवतो. इथे कोमट नको. दाण्यांना साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं. हाताला ना गरम ना गार लागेल असं दूध. घाईत गरम दुधात दाणे टाकले तर ते मरतात, आणि मेलेला दाणा दिसायला जिवंत दाण्यासारखाच दिसतो. दोन-तीन दिवस दूध आंबत नाही तेव्हा कुठे लक्षात येतं.

भांडं काचेचं घ्या. बरणी गरम पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवा. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम नको, कारण आम्ल त्यांच्यावर काम करतं. स्टीलची गाळणी मात्र चालते. दाण्यांचा तिच्याशी संबंध मिनिटभराचा असतो. प्लास्टिकची असेल तर तीही चांगली. पहिल्या आंबवणीत बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही. मलमलचं फडकं आणि रबरबँड, किंवा झाकण नुसतं ठेवलेलं.

प्रमाणाचा हिशोब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुस्तकांत आणि व्हिडिओंत 1:5 पासून 1:50 पर्यंत सगळी प्रमाणं सापडतात, आणि नवखा माणूस गोंधळतो. खरं तर ही प्रमाणं एकमेकांच्या विरोधात नाहीत. प्रत्येकामागे एक तापमान आणि एक वेळ धरलेली असते, ती फक्त सांगितलेली नसते.

आपण सुरुवातीसाठी 1:20 धरू. म्हणजे 25 ग्रॅम दाणे आणि 500 मिली दूध. स्वयंपाकघरातला काटा वापरा. काटा नसेल तर 15 मिलीच्या मापाच्या चमच्याने दीड चमचा निथळलेले दाणे साधारण तेवढे भरतात. खोलीचं तापमान 23-24 अंश असेल तर 24 तासांच्या आसपास केफिर तयार होतं. हा आपला पाया.

या पायापासून तीन गोष्टी हलतात. दाणे वाढवले की वेळ कमी लागतो. तापमान वाढलं की वेळ कमी लागतो. दूध वाढवलं की वेळ जास्त लागतो. एवढंच. पण हे सरळ त्रैराशिक नाही, दाणे दुप्पट म्हणजे वेळ बरोब्बर निम्मा असं होत नाही. आम्ल आधी हळू आणि मग भराभर वाढतं. म्हणून घड्याळ हा अंदाज आहे आणि निर्णय बरणीकडे बघून घ्यायचा.

बरणीत काय बघायचं? दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. आम्ल वाढत वाढत सामू, म्हणजे पीएच, 4.6 च्या जवळ आला की हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं आणि दूध घट्ट होतं. बरणी हलकेच तिरकी करा. दूध पाण्यासारखं वाहत असेल तर थांबा. काठापासून एकसंध सुटून हललं, कडेला बारीक बुडबुडे दिसले, आणि तळाशी किंवा दाण्यांच्या आसपास निवळीचा एखादा छोटा पिवळसर खळगा दिसू लागला, की गाळायची वेळ झाली. सौम्य केफिर हवं असेल तर तो खळगा दिसायच्या आधीच गाळा.

इथे पखालीचा धक्का आठवा. दाणे एका जागी बसलेले असतात, त्यामुळे त्यांच्या जवळचं दूध आधी आंबतं आणि दूरचं मागे राहतं. दिवसातून दोनदा बरणी हलकेच गोल फिरवली की आंबवण सगळीकडे सारखं होतं. निवळीचा खळगा दिसल्यावर घाबरून ढवळू मात्र नका, सरळ गाळा.

एक घर, तीन महिने

हे सगळं एका उदाहरणावर चालवून बघू. समजा पुण्यातलं एक घर आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेजारच्या काकूंनी त्यांना 25 ग्रॅम दाणे दिले. त्यांनी 500 मिली दूध घेतलं. ओट्यावर तापमान 23 अंश. पहिले दोन-तीन दिवस दाणे जरा मंद चालतात, कारण घर बदललं, दूध बदललं. तेवढं केफिर पातळ निघतं. मग चोवीस तासांत उत्तम केफिर मिळायला लागतं. रोज सकाळी आठला गाळायचं, आठला नवं दूध घालायचं.

दाणे खुशीत असतात, त्यामुळे वाढतात. साधारण तीन आठवड्यांत ते 50 ग्रॅम झाले असं धरू. घरातल्यांनी वजन केलेलं नाही. दूध तेच 500 मिली. म्हणजे 1:20 चं प्रमाण कोणी न ठरवता 1:10 झालं. त्यात फेब्रुवारी संपला, ओट्यावरचं तापमान 27 वर गेलं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. केफिर आता संध्याकाळीच तयार होतं, पण गाळलं जातं दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच. मधल्या तासांत आम्ल वाढतच राहतं. प्रथिनाचं जाळं आवळत जातं, आतला वायू ते वर उचलतो, आणि सकाळी बरणीत वर पांढरा थर, खाली पिवळसर पाणी. चव इतकी आंबट की मुलं तोंड वाकडं करतात. घरातल्यांना वाटतं, दूध नासलं, दाणे बिघडले. अशा वेळी सगळं सिंकमध्ये ओतलं जातं. वास्तविक दाणे पूर्वीपेक्षा जोरात असतात. अडचण त्यांच्या जोराचीच आहे.

उपाय काय? दाणे निथळून वजन करायचं. 50 ग्रॅम भरले. आता तीन वाटा आहेत. पहिली, दूध एक लिटर करायचं. पण पिणारे तेवढेच असतील तर रोज अर्धा लिटर दुधाचा खर्च वाढतो. दुसरी, वेळ कमी करायची, म्हणजे संध्याकाळी गाळायचं. नोकरीच्या घरात ते जमेलच असं नाही. तिसरी, दाणे कमी करायचे. रोज सकाळचीच वेळ ठेवायची असेल तर ही वाट सोयीची. 27 अंशाला 500 मिली दुधासाठी 15 ग्रॅम ठेवून बघायचे. दोन दिवस तसंच चालवायचं आणि बरणीकडे बघायचं. सकाळी दूध अजून पातळ असेल तर 18-20 ग्रॅम. पाणी सुटत असेल तर 12. एका वेळी एकच गोष्ट बदला. दाणेही कमी केले, वेळही बदलली आणि बरणी फ्रिजशेजारी हलवली, तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

मग एप्रिल-मे येतो. ओटा 32-33 अंशांवर. इथे 10 ग्रॅम दाण्यांना 500 मिली दूध, म्हणजे 1:50, असं धरलं तरी दूध बारा-चौदा तासांत लागतं. रात्री आठला लावलं तर सकाळी तयार. चोवीस तास ताणायचा हट्ट या दिवसांत सोडलेला बरा. शिवाय उष्णतेत केफिरची चवही बदलते, आंबटपणा आणि यीस्टचा वास पुढे येतो. बरणी पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून वर ओलं फडकं टाकलं तर दोन-चार अंश कमी मिळतात. माठाशेजारची जागा उगीच थंड नसते. उलट डिसेंबरात ओटा 18 वर असेल तर त्याच 500 मिलीला 35-40 ग्रॅम दाणे लागतील, किंवा 25 ग्रॅमला दीड दिवस द्यावा लागेल.

पाणी सुटलेलं केफिर फेकू नका. ते खराब नसतं, फक्त जास्त आंबलेलं असतं. दाणे अलगद काढून घ्या, उरलेलं रवीने घुसळा, पाणी-मीठ-जिरं घातलं की ताकासारखं लागतं. किंवा फडक्यात टांगून चक्का काढा.

काढून टाकलेल्या जास्तीच्या दाण्यांचं काय? कुणाला तरी द्या. किंवा थोड्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये राखीव ठेवा. मुख्य बरणीला काही झालं तर तोच विमा.

दुसरी आंबवण

आता चवीकडे. पहिल्या आंबवणीत दाण्यांबरोबर दुधाशिवाय काहीही घालायचं नाही. साखर नाही, फळ नाही, वेलची नाही. सालींतली आणि मसाल्यांतली तेलं दाण्यांना बाधतात आणि फळांवरचे परके जीव त्यांच्यात घुसतात. चव आणायची ती दाणे काढल्यावर.

दाणे काढले तरी आंबवण थांबत नाही, हे लक्षात घ्या. गाळलेल्या केफिरमध्ये कोट्यवधी जिवाणू आणि यीस्ट मोकळे असतातच. आणि लॅक्टोजही भरपूर शिल्लक असतं. चोवीस तासांत साधारण पाव ते एक तृतीयांश लॅक्टोजच खर्च झालेलं असतं. पहिलं काम मंदावतं ते साखर संपली म्हणून नव्हे, आम्ल वाढलं म्हणून. त्यामुळे बाटलीत बंद केलं की तेच काम हळू चालू राहतं, फक्त आता वायू बाहेर जाऊ शकत नाही. तो केफिरमध्ये विरघळतो. फेस येतो तो त्यामुळे. सालीतलं सुगंधी तेल दुधातल्या स्निग्धांशात उतरतं, म्हणून वासही मुरतो.

यातून एक नियम निघतो. दुसरी आंबवण करायची असेल तर पहिली थोडी अलीकडे थांबवा, दूध नुकतंच लागलेलं असताना. दुसऱ्या आंबवणीने केफिर गोड होतं असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. आम्ल वाढतच असतं. फेसामुळे आणि फळाच्या वासामुळे ते आपल्याला कमी जाणवतं, इतकंच.

सुरुवात संत्र्याच्या सालीने करा. 400 मिली गाळलेलं केफिर, 600 मिलीची बाटली. संत्रं नीट चोळून धुवा, सुरीने वरची केशरी साल बोटभर लांबीची दोन पट्ट्या काढा. आतला पांढरा भाग नको, तो कडवट असतो. पट्ट्या बाटलीत टाका, झाकण लावा. 25-26 अंशाला आठ तास, उन्हाळ्यात चार-पाच तास. मग साल काढून बाटली फ्रिजमध्ये. रात्रभर गार झालं की चव बसते आणि वायूही द्रवात नीट मुरतो, कारण थंड द्रवात तो जास्त विरघळतो. सालीत साखर जवळजवळ नसते, त्यामुळे जोर आटोक्यात राहतो. म्हणून पहिला प्रयोग हाच बरा.

खजूर, आमरस, चिकू हे पुढचं पाऊल. 400 मिलीला दोन बिनबियांचे खजूर चिरून, किंवा तीन-चार चमचे आमरस. यात साखर आहे, आणि यीस्टला ती आयती मिळते. दाब भराभर वाढतो. तेव्हा वेळ निम्मी करा, आणि बाटली तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका.

दाबाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या सगळ्यात इजा होण्याची शक्यता कुठे असेल तर ती इथे. शोभेच्या चौकोनी, पातळ काचेच्या बाटल्या दाबाने फुटतात. सोड्यासाठी बनवलेली जाड गोल बाटली वापरा. नवशिक्यांसाठी आम्ही थंड पेयाची रिकामी प्लास्टिक बाटली सुचवतो. तिचा फायदा असा, की बोटाने दाबून बघता येतं. मऊ लागली तर अजून वेळ आहे, दगडासारखी घट्ट झाली तर ताबडतोब फ्रिज. काचेची असेल तर दर दोन-तीन तासांनी झाकण किंचित सैल करून वायू सोडा. आणि उघडायची ती गार झाल्यावर, सिंकवर, तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर धरून.

आणखी एक सूचना. कच्चा अननस, कच्ची पपई, किवी यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दुधाची प्रथिनं तुटली की केफिर पातळ आणि कडू होतं. आल्यातही असं विकर आहे, म्हणून आल्याची एकच पातळ चकती आणि तीही थोडा वेळच. अननस हवाच असेल तर फोडी साखरेशिवाय दोन-चार मिनिटं शिजवून, निववून घाला. उष्णतेने विकर निकामी होतं.

केव्हा टाकून द्यायचं

आंबट वास, पाणी सुटणं, वर पातळ पांढरी साय येणं, यांत घाबरण्यासारखं नाही. पांढऱ्या सायीसारखा थर बहुधा यीस्टचा असतो. तो काढून टाका आणि वेळ कमी करा. पण गुलाबी, केशरी, हिरवा किंवा काळा रंग दिसला, केसाळ बुरशी दिसली, किंवा सडका वास आला, तर केफिरही टाकायचं आणि दाणेही. धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नका. बुरशी दाण्याच्या आतपर्यंत गेलेली असू शकते. अशा वेळी तो फ्रिजमधला राखीव साठा कामी येतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : दाणे नाहीत. बाजारातलं केफिर विरजण म्हणून वापरलं तर दाणे तयार होतील का?*

नाही. बाटलीतल्या केफिरने दूध आंबेल, काही वेळा चांगलंही लागेल, पण दाणे होणार नाहीत. दाणे दाण्यांपासूनच वाढतात. पाकिटातल्या पावडरीनेही केफिर होतं, पण काही घाण्यांनंतर तिचा जोर जातो.

*प्रश्न : दाणे रोज पाण्याने धुवायचे का? चिकट लागतात.*

धुवायचे नाहीत. तो चिकटपणा केफिरानचा आहे, तो असायलाच हवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते दाण्यांना चांगलं नाही. फारच साय चिकटली असेल तर थोड्या दुधात खळबळून घ्या आणि ते दूध टाकून द्या.

*प्रश्न : पंधरा दिवस गावाला जायचं असेल तर?*

नेहमीपेक्षा जास्त ताज्या दुधात दाणे बुडवा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. एक-दोन आठवडे निभावतं. परत आल्यावर ते दूध टाका, नवं घाला. पहिले दोन-तीन घाणे मंद आणि चवीला विचित्र येतील. ते दाण्यांचं जागं होणं समजा, आणि तोपर्यंत प्रमाण बदलायच्या भानगडीत पडू नका.

*प्रश्न : आईला दूध पचत नाही. केफिर चालेल का? आणि अल्कोहोलचं काय?*

लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना दुधापेक्षा केफिर सोसतं, कारण काही लॅक्टोज आधीच संपलेलं असतं आणि उरलेल्याच्या पचनाला त्यातले जिवाणू मदत करतात. पण ते पूर्ण लॅक्टोजमुक्त नाही. आईंना दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करू द्या. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर मात्र अजिबात नको, ती वेगळी गोष्ट आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरचं केफिर घेऊ नये. अल्कोहोल असतं, पण साधारण एक टक्क्याच्या आत. बंद बाटलीत फळ घालून जितकं लांबवाल तितकं ते वाढतं. ज्यांना तेवढंही नको आहे त्यांच्यासाठी केफिर नाही, हे सरळ सांगून टाकावं. लहान मुलांसाठी दुसरी आंबवण टाळा. दाणे काढल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आणि आमरस घालायचा तो वाटीत वाढताना घाला.

*प्रश्न : आमच्या घरी आता किती दाणे आहेत हे आम्ही कधी मोजलंच नाही. कुठून सुरुवात करू?*

आजच गाळा, पाच मिनिटं निथळू द्या आणि वजन करा. आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. खाली दूध किती, लावलं कधी, लागलं कधी, एवढंच सात दिवस लिहा. आठव्या दिवशी पुन्हा वजन. तुमच्या ओट्याला, तुमच्या दुधाला कुठलं प्रमाण जुळतं ते तुमच्या त्या कागदावर आमच्या सांगण्यापेक्षा नेमकं कळेल.